भाऊबीजेचा ईमेल: मिठाईच्या दुकानातर्फे काय लिहावं, कधी पाठवावं?

सातारकरीण | २२ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं साताऱ्यात मिठाईचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. कंदी पेढे आणि बेसनाचे लाडू ही मुख्य विक्री. तीन वर्षांपासून आम्ही कुरिअरने डबे पाठवतो, त्यामुळे ११४० ग्राहकांचे ईमेल पत्ते जमले आहेत.

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दोन दिवस आधी सगळ्यांना एकच मेल पाठवला. भाचीने केलेलं एक रंगीत पोस्टर, त्यावर "भाऊबीज स्पेशल, १५ टक्के सूट". ऑर्डर आल्या नऊ. त्यातल्या चार परत कराव्या लागल्या, कारण डबा वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. आणि एका बाईंचं उत्तर आलं, "माझा भाऊ या वर्षी गेला. कृपया मला असे मेल पाठवू नका." ते उत्तर मी अजून पुसलेलं नाही.

यंदा भाऊबीज २३ ऑक्टोबरला, गुरुवारी आहे. बहिणींना आणि भावांना काय द्यावं ते सुचवणारा मेल लिहायचा आहे. आमची मिठाई त्यात असावी, पण गळ्यात पडल्यासारखं वाटू नये. मजकूर, वेळ, सवलत, कशाहीबद्दल सांगा.

---

वेगे_वेगे | २२ सप्टेंबर, रात्री १०:१५

ताई, दोन गोष्टी. विषयाच्या ओळीत "सूट" किंवा "मोफत" लिहिलंत की मेल थेट स्पॅममध्ये जातो, ते काढा. आणि भाऊबीजेच्या दिवशी सकाळी पाठवा, त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात तोच विषय असतो.

---

निळी_शाई | २२ सप्टेंबर, रात्री ११:०२

वेगे_वेगे, तुमचा पहिला मुद्दा अर्धाच बरोबर आहे. एका शब्दावरून मेल आता स्पॅममध्ये जात नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता ओळखीचा आहे का, आणि याआधी किती जणांनी तुमचा मेल "स्पॅम" म्हणून नोंदवला, यावर जास्त ठरतं. पुस्तकांच्या दुकानासाठी मी आठ वर्षं असे मेल पाठवले आहेत, "सवलत" हा शब्द असलेले मेलही नीट पोचले. दुसऱ्या मुद्द्याचं म्हणाल तर भाऊबीजेच्या सकाळी मेल वाचून साताऱ्याचा पेढा ठाण्याला कसा पोचेल?

सातारकरीण, गेल्या वर्षी कुठून पाठवला होतात? साध्या जीमेलवरून बीसीसीमध्ये पत्ते टाकून?

---

सातारकरीण | २३ सप्टेंबर, सकाळी ७:२०

हो. पाचशेच्या वर जाईना, म्हणून तीन दिवसांत तुकडे करून पाठवला. शेवटचा तुकडा तर भाऊबीजेलाच गेला.

---

निळी_शाई | २३ सप्टेंबर, सकाळी ८:०५

साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला पाचशे जणांपर्यंतच पाठवता येतं. शिवाय साध्या खात्यावरून एकदम शेकडो जणांना तोच मेल गेला की यंत्रणेला संशय येऊ शकतो. दुकानाच्या नावाचं डोमेन असेल तर मेल पाठवण्याची एखादी सेवा घ्या आणि मेल खरंच तुमच्याकडूनच आला आहे हे समोरच्या यंत्रणेला पटवणाऱ्या, तिने दिलेल्या एसपीएफ, डीकेआयएमच्या नोंदी डोमेनवर टाकून घ्या. तुमची वेबसाइट ज्याने केली त्याचं अर्ध्या तासाचं काम आहे. खाली "यापुढे मेल नको" ही लिंक ठळक ठेवा. ती सापडली नाही की माणूस वैतागून स्पॅमचं बटण दाबतो, आणि मग बाकीच्यांनाही तुमचा मेल दिसत नाही.

पोस्टरचं मात्र विसरा. अख्खा मेल म्हणजे एक चित्र असेल, तर ज्याच्याकडे चित्रं बंद आहेत त्याला पांढरा चौकोन दिसतो. मजकूर टाइप करा, वाटल्यास डब्याचा एक साधा फोटो खाली लावा.

---

प्राजक्त_फुले | २३ सप्टेंबर, दुपारी १२:४८

किती छान धागा! माझ्या भावाला मधुमेह आहे, वय ५२. दर वर्षी प्रश्न पडतो काय द्यावं. शर्ट झाला, पेन झालं, पाकीट झालं. कोणी सुचवेल का? सातारकरीण ताई, तुमच्याकडे शुगर-फ्री पेढे मिळतात का?

---

भट्टीवाला | २३ सप्टेंबर, दुपारी २:३०

प्राजक्तताई, धागा ताईंच्या मेलबद्दल आहे, पण तुमचा प्रश्न त्यांच्याही कामाचा आहे म्हणून लिहितो. मी सांगलीत भट्टीवर २६ वर्षं काढली. पेढ्यात वरून साखर घातली नाही तरी खव्यात दुधाची साखर असतेच, आणि खवा म्हणजे आटवलेलं दूध, त्यामुळे ती एकवटलेली. खजुराच्या बर्फीत खजुराची असते. म्हणून "मधुमेहींसाठी" असं डब्यावर किंवा मेलमध्ये कधी लिहू नये. "वरून साखर घातलेली नाही" इतकंच लिहावं, पुढचं ज्याचं त्याने डॉक्टरांना विचारावं. तुमच्या भावाला मी असतो तर ओवाळताना तोंड गोड करायला एकच पेढा दिला असता, आणि भेट म्हणून खारे बदाम-पिस्ते.

सातारकरीण, मला एक सांगा. तुमचा पेढा बाहेर किती दिवस टिकतो? मेलची तारीख त्यावरून ठरेल.

---

सातारकरीण | २३ सप्टेंबर, रात्री ९:१०

कंदी पेढा खरपूस भाजलेला असतो, दुकानात आम्ही दहा दिवस सांगतो. बेसन लाडू तीन आठवडे.

---

भट्टीवाला | २३ सप्टेंबर, रात्री १०:००

दुकानातले दहा दिवस आणि कुरिअरच्या गोणीतले दहा दिवस सारखे नसतात. खवा कोरडा होईपर्यंत भाजला की पाणी कमी राहतं, म्हणून कंदी पेढा साध्या पेढ्यापेक्षा टिकतो. पण कोमट असताना डबा बंद केला की वाफ झाकणाला लागते, ती थेंब होऊन खाली पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेढ्याच्या तळाला पांढरे ठिपके येतात. वरून पेढा चांगला दिसतो, उलटा केल्यावर कळतं. म्हणून रात्री वळायचे, जाळीवर ठेवायचे, सकाळी पूर्ण गार झाल्यावर भरायचे.

एक करा. आत्ताच दोन डबे तयार करा. एक बंगळूरला ओळखीच्या कोणाकडे कुरिअरने पाठवा, एक घरी माळ्यावर ठेवा. रोज एक पेढा उलटा करून बघा, वास घ्या. आंबूस वास, कागदाला चिकटणं, तळाला ठिपके, यांपैकी काहीही दिसलं की त्याच्या दोन दिवस आधीपर्यंतच तुमची हमी. डब्यावर बनवल्याची आणि "या तारखेपूर्वी खावे" अशी दोन्ही तारखा छापा. सुट्या मिठाईसमोरसुद्धा १ ऑक्टोबर २०२० पासून ही खाण्याची तारीख लावावी लागते, मग पाठवायच्या डब्यावर तर हवीच.

---

शांतविहीर | २४ सप्टेंबर, सकाळी ६:५५

मी सहसा लिहीत नाही. तुम्हाला आलेलं ते उत्तर वाचून लिहावंसं वाटलं. माझा भाऊ २०२१ मध्ये गेला. गेल्या वर्षी एका मिठाईवाल्यांचा मेल आला होता, विषय होता, "तुमचा लाडका भाऊ वाट बघतोय". मी ऑफिसात होते. उठून बाहेर जावं लागलं.

मेल पाठवू नका असं माझं म्हणणं नाही. आधी विचारून घ्या एवढंच.

---

निळी_शाई | २४ सप्टेंबर, सकाळी ९:३०

शांतविहीर, लिहिल्याबद्दल खरंच आभार.

सातारकरीण, त्यांच्या या सूचनेतून तुमचे दोन प्रश्न एकदम सुटतात. दुसरा प्रश्न असा की भाऊबीजेला डबा कोणत्या दिशेने जातो? राखी टपालाने जाते, तिथे दिशा ठरलेली असते. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी जातो, ती ओवाळते, जेवू घालते, तो ओवाळणी घालतो. म्हणजे जवळ राहणारा भाऊ जाताना हातात डबा नेतो, आणि भाऊ दूर असेल तर बहीणच त्याला फराळ पाठवते. या दोघांना एकच मेल चालत नाही. आणि ११४० पैकी कोण भाऊ, कोण बहीण हे तुम्हाला नावावरून कळणार नाही. एखाद्याच्या नावावर बायकोच तिच्या भावासाठी मागवत असते.

म्हणून दोन मेल करा. पहिल्यात काही विकू नका, फक्त विचारा. खाली तीन लिंक: बहिणीसाठी, भावासाठी, आणि "या वर्षी भाऊबीजेचे मेल नकोत". ज्याने जे दाबलं तो त्या यादीत. दुसरा मेल फक्त पहिल्या दोन याद्यांना.

---

ओटीभरण | २४ सप्टेंबर, सकाळी ११:१५

पटत नाही. विचारणाऱ्या मेलमध्येही "भाऊबीज" हा शब्द आहेच. ज्याला त्रास व्हायचा त्याला तो वाचूनच होईल. शिवाय ज्यांना भाऊच नाही त्यांचं काय? आम्ही तिघी बहिणी, आई आम्हाला चंद्राला ओवाळायला लावायची. मला तुमच्या तीनपैकी कोणतीच लिंक लागू नाही.

---

शांतविहीर | २४ सप्टेंबर, दुपारी १:०५

शब्द तर बाजारात, फलकांवर, टीव्हीवर सगळीकडे आहे. तो टळत नाही. "नको" म्हणायची जागा कोणी ठेवत नाही, त्याचं वाईट वाटतं.

---

परदेशी_पाखरू | २५ सप्टेंबर, पहाटे ४:२०

एडिसन, न्यू जर्सीहून लिहितोय. माझी ताई कोल्हापुरात. मी मागवणारा इथे, खाणारी तिथे. दरवेळी तीन अडचणी येतात. पत्ता लिहायच्या जागी माझाच पत्ता येऊन बसतो. कुरिअरवाला इथल्या नंबरवर फोन करतो, तोही माझ्या रात्री अडीचला. आणि डब्यात बिल निघतं, ताई किंमत बघते आणि मला रागावते. मेलमध्ये एवढंच लिहा की "डब्यात बिल नसेल, फोन घेणाऱ्यालाच जाईल", मी डोळे मिटून मागवीन. सवलत नसली तरी चालेल.

---

भट्टीवाला | २५ सप्टेंबर, सकाळी ८:४०

पाखरू यांनी कामाचं सांगितलं. सवलतीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. साड्यांवर १५ टक्के सूट दिली तर लोक खूश होतात. खव्याच्या मिठाईवर सणाच्या तोंडावर सूट दिली की गिऱ्हाईक विचारतं, "कालचा माल आहे का?" दिवाळीत चांगल्या भट्टीवर माल कमी पडतो, उरत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे सूट हीच शंकेची गोष्ट होते.

---

सातारकरीण | २५ सप्टेंबर, रात्री १०:३०

काल हिशोब मांडला. अर्धा किलो कंदी पेढे आणि पाव किलो बेसन लाडू, असा डबा ५५० रुपयांना. १५ टक्के म्हणजे ८२ रुपये ५० पैसे. त्याऐवजी डब्यात औक्षणाची पुडी घातली तर? कुंकू, अक्षता, एक सुपारी, दोन वाती. ती १४ रुपयांत होते. आणि मागवणाऱ्याने सांगितलेल्या चार ओळी हाताने लिहिलेलं कार्ड, लिहिणाऱ्या मुलींची मजुरी धरून १० रुपये. म्हणजे २४ रुपयांत भागतं, आणि भाऊ पुण्यात खोलीवर एकटा असला तरी बहीण व्हिडिओवर ओवाळत असताना त्याच्या कपाळाला कुंकू लागतं. हे चालेल का "ऑफर" म्हणून?

---

निळी_शाई | २५ सप्टेंबर, रात्री ११:००

चालेल काय, हीच ऑफर. पण कार्डं किती लिहून होतील ते आधी मोजा आणि मेलमध्ये तो आकडा द्या. "पहिल्या शंभर डब्यांना" असं लिहायचं तर शंभरच लिहा. दोनशेव्या माणसाला कार्ड मिळालं आणि मेलमध्ये शंभर होते, तर पुढच्या वर्षी तुमच्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता तारखा मांडून बघू. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन मंगळवार २१, पाडवा बुधवार २२, भाऊबीज गुरुवार २३. मंगळवार-बुधवार कुरिअर धरूच नका. रविवार १९ ला बऱ्याच ठिकाणी वाटप नसतं. राहिले शनिवार १८, धनत्रयोदशीचा, आणि सोमवार २०. पण कर्नाटकात आणि उत्तरेकडे २० लाच सुटी आहे. म्हणजे बंगळूरचा डबा शनिवारी १८ ला पोचलाच पाहिजे. साताऱ्याहून नेहमी दोन-तीन दिवस लागत असतील, दिवाळीत चार धरा. निघायला हवा मंगळवारी १४ ला. महाराष्ट्रातला गुरुवारी १६ ला निघाला तरी चालेल. आता भट्टीवाले, १३ च्या रात्री वळलेला पेढा २३ ला खाता येईल?

---

भट्टीवाला | २६ सप्टेंबर, सकाळी ७:१५

दहावा दिवस. मी हमी देणार नाही. बंगळूरला नुसते बेसन लाडू पाठवा, किंवा पेढा पाठवून "पोचल्यावर लगेच खा, भाऊबीजेला लाडू" असं लिहा. महाराष्ट्रातला डबा १५ च्या रात्री वळून १६ ला सकाळी भरला तर आठवा दिवस, तो चालेल, गार करून भरला असेल तर. माळ्यावरच्या डब्याचं काय झालं?

---

सातारकरीण | ३ ऑक्टोबर, रात्री ९:५०

माळ्यावरचा पेढा नवव्या दिवसापर्यंत उत्तम. आज सकाळी दहाव्या दिवशी एका पेढ्याच्या तळाला ठिपका दिसला. बंगळूरला दिराकडे गेलेल्या डब्यात सातव्या दिवशीच आंबूस वास आला, त्याच्या झाकणाला आतून ओल होती. आम्हीच घाईत भरला होता. भट्टीवाले काका, तुमचं म्हणणं खरं ठरलं. राज्याबाहेर फक्त लाडू, असं ठरवलं.

पहिला मेल असा लिहिला आहे, बघा.

विषय: २३ ऑक्टोबरला भाऊबीज आहे, एक विचारायचं होतं

"नमस्कार, साताऱ्याहून लिहिते आहे. भाऊबीजेसाठी आम्ही काही डबे पाठवणार आहोत. त्याबद्दल तुम्हाला लिहावं का, आणि काय लिहावं, हे आधी विचारते. खालीलपैकी एकावर बोट ठेवा.
मला बहिणीसाठी काही न्यायचं किंवा पाठवायचं आहे.
मला भावाला फराळ पाठवायचा आहे.
या वर्षी भाऊबीजेचे मेल नकोत.
तिसरं निवडलंत तर कारण विचारणार नाही. आमचे बाकीचे मेल चालू राहतील, तेही नको असतील तर त्याची लिंक सर्वांत खाली आहे."

---

ओटीभरण | ३ ऑक्टोबर, रात्री १०:२०

हे वाचून माझा विरोध बराच मावळला. एक बदल सुचवते. "बहिणीसाठी" आणि "भावासाठी" यांच्याबरोबर "घरासाठी" असंही ठेवा. चंद्राला ओवाळणाऱ्या घरातही पेढे लागतात.

---

निळी_शाई | ३ ऑक्टोबर, रात्री १०:४५

चौथी लिंक ठेवली तर तिसरा मेल लिहावा लागेल, आणि ताईंच्या हाताशी दिवस कमी आहेत. यंदा नको असं मला वाटतं. मेल छान झाला आहे. रविवारी ५ तारखेला संध्याकाळी पाठवा, दुसरा गुरुवारी ९ ला. आठवण म्हणून तिसरा पाठवायचा तर १३ ला, फक्त ज्यांनी लिंक दाबली पण मागवलं नाही त्यांना. उत्तरच न देणाऱ्यांना पुन्हा भाऊबीजेचं काही पाठवू नका.

---

सातारकरीण | ८ ऑक्टोबर, रात्री ११:३०

रविवारी मेल गेला. बहिणीसाठी १७१, भावासाठी ९६, नको ३८. बाकीच्यांचं उत्तर नाही. उद्या भावाला पाठवणाऱ्यांसाठी हा जातोय:

विषय: भाऊ लांब आहे? लाडू मंगळवारी निघतील

"तुम्ही भावाला फराळ पाठवायचा आहे असं कळवलंत, म्हणून लिहिते. भाऊ महाराष्ट्रात असेल तर अर्धा किलो कंदी पेढे आणि पाव किलो बेसन लाडू, ५५० रुपये. ऑर्डर बुधवार १५ ला दुपारी १२ पर्यंत, डबा गुरुवारी निघेल. भाऊ राज्याबाहेर असेल तर फक्त बेसन लाडू, पाऊण किलो, तेवढ्याच किमतीत. ऑर्डर सोमवार १३ पर्यंत, डबा मंगळवारी निघेल. पेढा इतके दिवस प्रवासात चांगला राहील असं आम्ही सांगू शकत नाही.
प्रत्येक डब्यात औक्षणाची पुडी आहे. पहिल्या १२० डब्यांत तुम्ही सांगाल त्या चार ओळी आम्ही हाताने लिहून घालू. डब्यात बिल नसेल. कुरिअरचा फोन भावाला जाईल.
मिठाई खाणारा नसेल तर आमच्याकडून काही घेऊ नका, खारे बदाम-पिस्ते कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतील."

शेवटच्या वाक्यावर घरात वाद झाला. सासरे म्हणाले, "गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या दुकानात कशाला धाडतेस?" मी तसंच ठेवलंय.

---

प्राजक्त_फुले | ९ ऑक्टोबर, सकाळी ९:००

ते शेवटचं वाक्य वाचून मी भावाला पिस्ते घेतले आणि वहिनी-भाच्यांसाठी तुमचा डबा मागवला.

---

सातारकरीण | २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१५

दमून दोन दिवस झोपले, आता लिहिते. एकूण ८३ डबे गेले, त्यातले २२ राज्याबाहेर. महाराष्ट्रातले तीन उशिरा पोचले, एक नागपूरला भाऊबीज होऊन गेल्यावर, २४ ला. त्याचे पैसे परत केले. पेढा खराब झाल्याची एक तक्रार आली, फोटोत ठिपके स्पष्ट होते. तो डबा १५ च्या रात्रीच्या शेवटच्या घाण्यातला होता, म्हणजे पुरता गार झाला नसणार. पुढच्या वर्षी शेवटचा घाणा रात्री आठलाच बंद करणार. कार्डं ७१ जणांनी सांगितली, लिहिणाऱ्या मुलींची बोटं दुखली, पण एकही चुकलं नाही.

एक मात्र अजून ठरत नाही. "नको" म्हणालेल्या ३८ जणांना पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं, की ते कायमचं "नको" समजायचं?

---

ओटीभरण | २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

कायमचं समजा. एकदा नको म्हणालेल्या माणसाला पुन्हा विचारू नये.

---

निळी_शाई | २६ ऑक्टोबर, रात्री ८:१०

लिंकवर "या वर्षी" लिहिलं होतं. मग शब्दाप्रमाणे पुढच्या वर्षी एकदा विचारायला हरकत नाही. पण मला खात्री नाही. शांतविहीर, तुम्ही सांगाल का?

---

शांतविहीर | २७ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

मी तुमच्या यादीत नव्हते, त्यामुळे त्या ३८ जणांच्या वतीने बोलता येणार नाही. माझ्यापुरतं सांगते. मी "नको"च दाबलं असतं. पण यंदा भाच्याने फोन करून विचारलं, "आत्या, मी येऊ का ओवाळून घ्यायला?" तो १९ वर्षांचा आहे. आला. घरात गोड काहीच नव्हतं, गूळ दिला.

पुढच्या वर्षी भाऊबीज ११ नोव्हेंबरला आहे. पुण्याला डबा कधी निघेल ते कळवा.